विक्री दुप्पट झाली नव्हती: हळदीच्या लेबलचा एक बिफोर-आफ्टर कॅरोसेल

समुद्रपूर तालुक्यातली एक पोरगी आहे, गावातच राहून फ्रीलान्स डिझाइनचं काम करते, लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, कृषी केंद्राचे बॅनर असं सुरुवातीचं सगळं करून झालं आणि आता पॅकेजिंगकडे वळली आहे. तिने मागच्या उन्हाळ्यात एका हळदवाल्या काकांच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाचं लेबल नवं केलं आणि त्यावर बिफोर-आफ्टरचा कॅरोसेल, म्हणजे बोटाने एकेक सरकवत पाहायच्या स्लाइडची पोस्ट, बनवून टाकायच्या आधी मला पाठवला. मी वर्ध्याला बसून हेच काम करतो म्हणून. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं, 'एका लेबलने विक्री दुप्पट!' आणि खाली दोन आकडे, आधी 214 पाकिटं, नंतर 431 पाकिटं.

आकडे खोटे नव्हते हे आधीच सांगतो. काकांकडे दुकानवार माल लिहायची एक लांब वही आहे, तीत तारीख, दुकान, किती दिले, किती परत आले असं सगळं असतं, आणि तिने जानेवारी-फेब्रुवारीची बेरीज 214 केली, मार्च-एप्रिलची 431 केली, लेबल 1 मार्चला बदललं, झालं की दुप्पट. बेरीज मी पण करून पाहिली, बरोबर होती.

पण विदर्भात ज्याचं घर आहे त्याला हे लगेच खटकेल. मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे वर्षभराचं तिखट-हळद भरून ठेवायचे दिवस, कुरड्या, पापड, सगळी उन्हाळकामं तेव्हाच, वरून लग्नसराई. आणि हळदीचं पीकही जानेवारीपासून निघायला लागतं, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं, दळणं, यात वेळ जातो, म्हणून नवी ताजी हळद मार्चच्या आसपासच पाकिटात येते. त्या दोन महिन्यांत काकांनी बिगर लेबलचं पाकीट जरी दुकानात टांगलं असतं तरी जानेवारीपेक्षा जास्त खपलं असतं. मी तिला एवढंच विचारलं की मागच्या वर्षीचा मार्च-एप्रिल वहीत आहे का.

काका म्हणाले, "हाव, आहे ना. पण कायले एवढं खोदून राहिली पोरी, वाढलं म्हंजे वाढलं."

मागच्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांची बेरीज निघाली 388. म्हणजे जुन्या, फाटक्या दिसणाऱ्या लेबलवर 388 आणि नव्या लेबलवर 431. दुप्पट गेलं, आता वाढ राहिली 43 पाकिटांची, साधारण 11 टक्के. ती म्हणाली ठीक आहे, 11 टक्के लिहिते, 11 टक्के पण काही वाईट नाही. मी म्हटलं थांब, 431 कोणत्या दुकानांची बेरीज आहे ते पाहा.

मागच्या वर्षी काका 9 दुकानांना माल देत होते. या वर्षी 12. तीन नव्या दुकानांना मिळून 38 पाकिटं गेली होती, आणि ही 38 म्हणजे पहिल्यांदा माल भरून दिला ती, ती गिऱ्हाइकाने विकत घेतली असं त्यात कुठंच नाही. हा फरक नवीन डिझायनरच्या लक्षात येत नाही बहुतेक वेळा: काकांच्या वहीत 'दिले' म्हणजे दुकानात पोचलं, आणि दुकानात पोचलेलं पाकीट हुकला टांगून महिनाभर धूळ खात पण राहू शकतं. मग नवी दुकानं नव्या लेबलमुळेच जोडली गेली का, हे पण विचारलं. एका दुकानदाराने खरंच पाकीट पाहून मागितलं होतं. दुसऱ्याचं काही पक्कं सांगता येईना. आणि तिसरं दुकान काकांच्या साळ्याचं होतं, ते काय लेबल पाहून थोडीच जोडलं गेलं!

38 काढले की जुन्या 9 दुकानांत 388 वरून 393. पाच पाकिटं. एखाद्या लग्नघराने स्वयंपाकासाठी एकदम दहा पाकिटं उचलली की एवढा फरक इकडचा तिकडे होतो. म्हणजे विक्री वाढली असं म्हणायला हातात काहीच उरलं नाही.

इथे तिचा चेहरा पडला, साहजिक आहे. तिला वाटलं आता केस स्टडीच गेली. पण तीच वही अजून नीट पाहिली तर खरा बदल दुसऱ्या रकान्यात होता, 'परत'.

जुनं लेबल असं होतं की चकचकीत लॅमिनेशनचा एकच स्टिकर, पुढेच सगळं कोंबलेलं, आणि पॅकिंगची तारीख, बॅच नंबर त्याच चकचकीत भागावर रबरी शिक्क्याने मारायचे. शिक्क्याची शाई लॅमिनेशनमधे मुरतच नाही, वर बसून राहते, आणि पाकिटावर पाकीट घासलं, गिऱ्हाइकाने हाताळलं, की पुसली जाते. त्यात उन्हाळ्यात दुकानात हाताला घाम. तारीख पुसलेलं पाकीट शहाणा दुकानदार ठेवत नाही, कारण तारीख नसलेला पॅकबंद माल तपासणीत सापडला तर दुकानदारालाही उत्तर द्यावं लागतं, आणि गिऱ्हाईकही 'हे कधीचं आहे' म्हणून बाजूला ठेवतं. मागच्या वर्षी त्या दोन महिन्यांच्या 388 पाकिटांतली 26 परत आली होती आणि काकांच्या मते जवळपास सगळी याच कारणाने. 'तारीख गेली' असं त्यांनी वहीत काही ठिकाणी लिहिलेलंही आहे.

तिने लेबलचे दोन भाग केले होते. पुढचं लेबल लॅमिनेशनचं, त्यावर फक्त नाव, वजन, हिरवा ठिपका आणि गावाचं नाव. मागचं लेबल साध्या कागदाच्या गमिंग शीटवर, बिगर लॅमिनेशन, त्यावर घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, एमआरपी, तक्रारीसाठी फोन, आणि खाली एक मोकळी पांढरी चौकट, शिक्का मारायला. साध्या कागदात शाई मुरते, दोन मिनिटांत सुकते, मग बोट घासलं तरी जात नाही. डिझाइन म्हणून यात मिरवण्यासारखं काहीच नाही. पण परत येणारी पाकिटं कमी झाली ती या चौकटीमुळे.

किती कमी झाली हे सांगतानाही घाई चालत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिने मोजलं तेव्हा परत आलेली 5 होती आणि ती लगेच '26 वरून 5' लिहायला निघाली. पण एप्रिलच्या शेवटी दिलेला माल तेव्हा दुकानातच होता, त्यातली पाकिटं परत यायला अजून वेळ होता, आणि मागच्या वर्षीच्या 26 मधे मे-जूनमधे परत आलेली पण धरलेली होती. एकाला पूर्ण वेळ द्यायचा आणि दुसऱ्याला अर्धा, ही तुलना होत नाही. म्हणून जून संपेपर्यंत थांबली, आकडा 9 झाला. जुन्या लेबलची काही पाकिटं पण मार्चमधे परत आली होती, जुनी-नवी नुसती पाहूनच ओळखू येतात म्हणून ती वेगळी काढली, 9 मधे फक्त नवं लेबल. मग वाक्य झालं: दिलेल्या 388 पैकी 26 परत, दिलेल्या 431 पैकी 9 परत. शंभरात साधारण 7 च्या जागी 2.

आता इथे '65 टक्के घट' असंही लिहिता येतं, गणित चुकणार नाही. मी नको म्हटलं. मूळ आकडे एवढे लहान असले की टक्के लिहिले की ते फुगून दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं हजारोंचा कारभार असेल. 26 आणि 9 असं सरळ लिहिलं की वाचणारा स्वतःच धंद्याचा आकार समजून घेतो. शंभरच्या आत आकडा असेल तर मोजणी लिहायची, टक्के नाही, आणि कितीपैकी ते सोबत, हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

तिसरा आकडा फोनचा. जुन्या लेबलवर मोबाइल नंबर होता, पण केशरी पट्टीवर लाल अक्षरात, अगदी खाली, 5 पॉइंटचा असेल, चष्मा लावूनही वाचता येत नव्हता. नव्या लेबलवर तो मागे, पांढऱ्यावर काळा, ठळक. मार्च-एप्रिलमधे पाकिटासाठी 17 नवे फोन आले. काका प्रत्येकाला विचारत, "नंबर कुठून भेटला जी?" आणि तिने सांगून ठेवलं होतं म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले. 11 जण म्हणाले पाकिटावरून, बाकीचे नातेवाइकांकडून, एकाला तर गिरडच्या कोण्या ओळखीच्याने दिला होता. आधी किती फोन येत होते विचारलं तर काका म्हणाले, "असतीन दोन-तीन." असतीन म्हणजे आठवण, नोंद नाही. तिने आधी 'आधी 2, नंतर 17' लिहिलं होतं. त्या 2 ला काहीच आधार नव्हता आणि 17 मधले 6 लेबलमुळे नव्हते. शेवटी स्लाइडवर असं गेलं: 'पाकिटावरचा नंबर पाहून आलेले फोन: 11. आधीची नोंद नाही.' बिफोरच्या जागी रिकामी चौकट ठेवली, त्यात फक्त 'नोंद नाही' एवढंच. मला ती रिकामी चौकट सगळ्या कॅरोसेलमधे जास्त आवडली, तिला नाही आवडली, तिला वाटत होतं अपूर्ण दिसते. राहू दिली.

आता फोटोकडे येतो, कारण बिफोर-आफ्टरमधे आकड्यांपेक्षा जास्त बनवाबनवी फोटोत होते आणि बहुतेक वेळा न कळत होते. तिचा बिफोरचा फोटो संध्याकाळचा, काकांच्या ओसरीत ट्यूबलाइटखाली, पाकीट चुरगळलेलं, अर्धं रिकामं. आफ्टरचा फोटो म्हणजे फोटोच नव्हता, नेटवरून उतरवलेला मॉकअप होता, म्हणजे तयार चित्रावर बसवलेलं लेबल, उभं राहणारं मॅट पाऊच, खाली छान सावली, बाजूला हळकुंडं. काका असलं पाऊच वापरतच नाहीत! ते साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, सीलिंग मशीनने तोंड बंद करतात, वर स्टिकर. म्हणजे पाहणाऱ्याला जो फरक दिसत होता त्यातला अर्धा उजेडाचा, थोडा पिशवीचा, आणि लेबलचा किती ते कोणालाच सांगता आलं नसतं. वरून उद्या कोणी गिऱ्हाईक तो फोटो पाहून काकांना म्हणालं असतं की मला ते उभं राहणारं पाकीट द्या, तर काका काय देणार होते?

मॉकअप वाईट असतो असं नाही, डिझाइन मंजूर करायला, छापायच्या आधी दाखवायला तो ठीकच आहे. पण 'आफ्टर' म्हटलं की छापून, चिकटवून, दुकानात गेलेली वस्तू पाहिजे.

मग परत फोटो काढले. जुनं लेबल लावलेली दोन पाकिटं काकांनी नव्याने भरून दिली, स्टिकर शिल्लक होते, आणि नवी दोन. चारही भरलेली, न चुरगळलेली. सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर, सरळ ऊन नाही पण उजेड मोकळा, मागे पांढरा चार्ट पेपर. आणि मुख्य गोष्ट, जुनं आणि नवं एकाच फ्रेममधे शेजारी ठेवून एकच फोटो. हळदीचा पिवळा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला फार फसवतो, फ्रेममधे पिवळं जास्त आलं की कॅमेरा आपणहून निळसर करायला जातो, त्यामुळे दोन वेगळे फोटो काढले की एकात हळद केशरी आणि दुसऱ्यात फिकट दिसते आणि लोकांना वाटतं नव्या पाकिटातली हळदच भारी आहे. एका फ्रेममधे दोन्ही असली की उजेड, रंग, अंतर सगळं दोघांना सारखं लागू होतं. स्लाइडवर टाकताना मधून कापून डावी-उजवी केली तरी चालतं. नंतर एडिट करायचं तर पूर्ण फोटोला एकदाच, तुकड्यांना वेगवेगळं नाही.

दुसरा फोटो दुकानातला, पाकीट बाकीच्या मालात टांगलेलं, गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहतं तेवढ्या अंतरावरून. त्यात नवं लेबल तिच्या मनासारखं उठून दिसत नव्हतं हे पण खरं, बाजूला मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं होती. पण वजन आणि नाव वाचता येत होतं, जुन्याचं येत नव्हतं, एवढा फरक तो फोटो दाखवतो आणि तेवढाच आहे.

तिसरा फोटो मला सगळ्यात कामाचा वाटला, दोन्ही शिक्क्यांचा क्लोजअप. दोन्ही पाकिटांवर एकाच वेळी शिक्का मारला, थोडं थांबून दोन्हीवर अंगठा सारखाच फिरवला, आणि फोटो काढला. जुन्यावर निळा फराटा, तारखेतला महिना गायब. नव्यावर अक्षरं जशीच्या तशी. आणि या फोटोवर शंका घेणाऱ्याला घरी स्वतः करून पाहता येतं, कोणताही चकचकीत स्टिकर आणि एक शिक्का पुरतो.

लेबलवरून काय काढलं ते पण एका स्लाइडवर आहे, कारण डिझायनरने काय काढलं हे कोणी सांगत नाही. जुन्या लेबलवर 'सर्व रोगांवर गुणकारी' लिहिलं होतं. खाण्याच्या वस्तूच्या लेबलवर रोग बरा होतो असा दावा करता येत नाही, ते गेलं. आणि काकांची फार इच्छा होती की 'जीआय वायगाव हळद' असं मोठ्याने लिहावं, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि काकांचं शेत काही फार लांब नाही. पण मानांकनाचं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि काकांची नव्हती. शेत जवळ आहे म्हणून नाव आपलं होत नाही. त्यांना आधी राग आला, म्हणाले आमच्या आज्यापासून हेच बेणं आहे, असेलही, पण नोंदणी झाल्याशिवाय लेबलवर नाही आणि कॅरोसेलवर तर नाहीच, कारण तिथे तो दावा तिच्या नावावर जातो. आता अर्ज करायचं चाललं आहे.

खर्चाची स्लाइड टाकायची की नाही यावर बरीच घासाघीस झाली. जुनं लेबल पाकिटाला 1 रुपया 30 पैसे पडत होतं. नवं पुढचं 1 रुपया 90 पैसे, 13 बाय 19 इंची शीटवर 3 बाय 4 ची 16 लेबलं बसतात, हाफ कट आणि लॅमिनेशन धरून तो दर, आणि मागचं 70 पैसे. एकूण 2 रुपये 60 पैसे, म्हणजे दुप्पट. गंमत पाहा, दुप्पट झालेली एकच गोष्ट होती आणि ती खर्चाची! 431 पाकिटांवर जास्तीचे 560 रुपये गेले. समोर 17 पाकिटं कमी परत आली, पाकीट 70 रुपयांचं, पण काकांना दुकानदाराकडून त्याहून कमी मिळतात, त्यामुळे तो हिशोब जेमतेम पुढे जातो, आणि तिची 3,500 रुपये फी त्या एका उन्हाळ्यात त्यातून निघत नाही. फोनवरच्या ऑर्डर धरल्या तर थोडं बरं दिसतं पण त्यातले किती जण परत मागवतील हे पुढच्या वर्षीच कळेल.

ती म्हणाली हे टाकलं तर मला काम कोण देईल. माझं म्हणणं असं की लेबलचा खर्च टाकायचाच, कारण पुढचा क्लायंट पहिला प्रश्न तोच विचारतो आणि त्याला नंतर कळलं की दर वाढतो तर तो मागे सरकतो. फी टाकायची की नाही ही तिची मर्जी, तिने नाही टाकली, आणि त्यात खोटं काही नाही. दुकानदाराला पाकीट कितीत पडतं तो दर मात्र काकांनीच टाकू नको सांगितला, बरोबर होतं त्यांचं, तो दर गिऱ्हाइकाने पाहिला तर दुकानदाराचा सुटणारा पैसा उघडा पडतो आणि उद्या दुकानदार पाकीटच ठेवणार नाही. दुकानांची नावं पण झाकली, शेल्फच्या फोटोत मागे बोर्ड दिसत होता तो कापला. क्लायंटची परवानगी म्हणजे नुसतं 'टाक ना पोरी' नाही, तयार स्लाइड त्यांना एकेक दाखवायच्या, मग ते सांगतात हे नको. काकांनी दोन ठिकाणी नको म्हटलं, दोन्ही ठिकाणी त्यांच्याजवळ कारण होतं.

शेवटी 8 स्लाइड राहिल्या. 1080 बाय 1350 पिक्सेल, उभ्या. पहिलीवर दोन्ही पाकिटं एका फ्रेममधे आणि ओळ अशी: 'हळदीच्या पाकिटाचं लेबल बदललं. तारीख पुसून परत येणारी पाकिटं 26 वरून 9.' मग मी म्हटलं 'तारीख पुसून' काढ, कारण 26 मधली सगळीच तारखेमुळे परत आली असं वहीत लिहिलेलं नाही, जवळपास सगळी असं काका म्हणतात. ती काढली, नुसतं 'परत येणारी पाकिटं'. दुसरीवर जुन्या लेबलची अडचण, तिसरीवर शिक्क्याचे क्लोजअप, चौथीवर दोन भागांचं लेबल, पाचवीवर आकडे, सहावीवर काय काढलं, सातवीवर लेबलचा खर्च, आठवीवर तिचं नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर.

पाचवीवर थोडं जास्त सांगतो. त्यात तीन ओळी आहेत. विक्री: त्याच 9 दुकानांत 388 वरून 393, जवळपास तेवढीच. परत: 388 पैकी 26, 431 पैकी 9. फोन: 11, आधीची नोंद नाही. खाली बारीक पण वाचता येईल अशी एक ओळ, 'दोन्ही वर्षांचे मार्च-एप्रिल. आकडे काकांच्या वहीतले. विक्री म्हणजे दुकानात दिलेली पाकिटं. नंतरच्या वर्षी 3 दुकानं वाढली, ती विक्रीच्या ओळीत धरली नाहीत, परतच्या ओळीत धरली आहेत.' तिने आधी याचा बार चार्ट केला होता आणि उभी रेघ 380 पासून सुरू केली होती, त्यामुळे 393 चा खांब 388 च्या दीडपटीहून उंच दिसत होता. मुद्दाम नव्हतं केलं, अ‍ॅपने आपणहून तसं दिलं होतं. शून्यापासून काढला की दोन्ही खांब सारखेच दिसतात, मग चार्टची गरजच राहिली नाही, नुसते आकडे मोठे करून लिहिले.

अक्षरांचा आकार हा आपल्याकडचा वेगळा त्रास आहे. 1080 पिक्सेल रुंदीची स्लाइड साध्या मोबाइलवर साधारण 7 सेंटिमीटर रुंद दिसते, म्हणजे 36 पिक्सेलचं अक्षर स्क्रीनवर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, आणि देवनागरीत त्यात मात्रा, रफार, उकार पण बसवायचे असतात. 36 च्या खाली गेलं की बारीक ओळ वाचलीच जात नाही, आणि जी टीप वाचता येत नाही ती लिहिली काय न लिहिली काय सारखंच. तिने मुक्ता फॉन्ट वापरला, टीप 38 ला, ओळींमधे जागा सोडून. उन्हात, ब्राइटनेस अर्धा ठेवून काकांच्या हातात मोबाइल दिला आणि टीप वाचायला लावली. अडखळत वाचली पण वाचली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबला जातो आणि तीच बारीक ओळ आधी बिघडते.

कॅरोसेल टाकल्यावर लाइक फार आले असं काही नाही, तिच्या लग्नपत्रिकेच्या पोस्टला जास्त येतात. चौकशा तीन आल्या. एक हिंगणघाटच्या मसालेवाल्याची, त्याने थेट विचारलं की विक्री वाढवून देता का, तिने पाचवी स्लाइड पाठवली, त्याचं उत्तर आलं नाही. दुसरी नुसती रेट विचारून गेली. तिसरी एका बचत गटाच्या ताईंची, त्या शेवया आणि मुगवड्या करतात आणि त्यांचा पण हाच ताप होता, तारीख पुसून माल परत. त्यांनी शिक्क्याचा फोटो पाहूनच फोन केला होता, बाकीच्या स्लाइड पाहिल्या पण नव्हत्या.

ते काम तिने घेतलं. या वेळी डिझाइन उघडायच्या आधी गटाच्या वहीचे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे फोटो काढून घेतले, जुन्या लेबलचे दहा स्टिकर बाजूला ठेवायला सांगितले, आणि फोन आला की 'नंबर कुठून भेटला' हे लिहायला एक कोरं पान लावून दिलं. ताई म्हणाल्या, "बाई, लेबल करून राहिली का ऑडिट?"

दोन्ही, ती म्हणाली, आणि अ‍ॅडव्हान्स अर्धा आधी.